दोन ओळींमधली पंचेचाळीस वर्षं

गोष्ट लिहिताना एका प्रसंगातून दुसऱ्यात, एका काळातून दुसऱ्या काळात जायचं तर वाचकाचा हात कुठे आणि कसा धरायचा?

मी माझ्या आजीवर एक गोष्ट लिहिली होती. आजी म्हणजे आईची आई. तिचं माहेर साताऱ्याकडचं, सासर इंदूरचं. गोष्ट तिच्या शिवणाच्या हातमशीनची होती. लिहून झाल्यावर मी ती सगळ्यात आधी आईला फोनवर पाठवली. आईने वाचली आणि चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "अगं, मशीनचं चाक हललं नाही म्हणतेस आणि लगेच पुढच्या ओळीत ते फिरतंय कसं? आणि माझ्या सासूबाई इंदूरला कधी आल्या?"

आई चिडवत नव्हती. तिला खरंच कळलं नव्हतं. तिने जे वाचलं ते असं होतं :

आजीचं तेरावं आटोपलं. आईने कॉटखालची पेटी ओढून बाहेर काढली. मशीनच्या चाकाला तिने हात लावला. ते हललं नाही.

तिने दांडा फिरवला आणि चाक गर्रकन फिरलं. सासूबाई दारात उभ्या होत्या.

माझ्या मनात या दोन परिच्छेदांच्या मध्ये पंचेचाळीस वर्षं होती. पहिला परिच्छेद २०१९चा, दुसरा १९७४चा. पहिल्यातली 'ती' माझी आई, दुसऱ्यातली 'ती' नव्याने लग्न होऊन आलेली आजी. लिहिताना मी मध्ये दोनदा एंटर दाबून मोकळी जागा सोडली होती. पण मजकूर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी चिकटवताना ती जागा नाहीशी झाली आणि पंचेचाळीस वर्षं तिच्याबरोबर गेली.

तुम्हीही कुटुंबाची आठवण, दिवाळी अंकासाठी कथा किंवा आजोबांच्या पंचाहत्तरीला लेख लिहायला बसलात, की या जागी अडखळाल. प्रसंग लिहिता येतात, त्यांच्यामधला सांधा जमत नाही. ही गोष्ट दुरुस्त करताना मला जे उमगलं, ते त्याच गोष्टीचे तुकडे दाखवून सांगते.

मोकळी जागा काय सांगते, काय सांगत नाही

छापील पुस्तकात नवा परिच्छेद थोडा आत सरकवून सुरू होतो आणि दोन परिच्छेदांमध्ये वेगळी जागा नसते. म्हणून मध्येच एक ओळ कोरी दिसली, की वाचक मनातल्या मनात थांबतो. इथे काहीतरी बदललं, हे त्याला कळतं. नाटकात दिवे मालवून पुन्हा लागतात, तसंच हे आहे.

पण ही कोरी ओळ फक्त एवढंच सांगते, की काहीतरी बदललं. काय बदललं, ते ती सांगत नाही. ते सांगायचं काम तिच्यानंतरच्या पहिल्या एक-दोन वाक्यांचं आहे. जागा ओलांडून आलेल्या वाचकाच्या मनात चार प्रश्न असतात : आता कोण आहे? कुठे आहे? कधीची गोष्ट आहे? आणि मघाच्या प्रसंगाशी याचा काय संबंध? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं दोन वाक्यांत मिळाली नाहीत, तर वाचक जुनीच माणसं नव्या प्रसंगात बसवतो. आईने तेच केलं. तिच्या डोक्यात 'ती' म्हणजे ती स्वतःच होती, म्हणून सासूबाईही तिच्याच झाल्या.

यात मराठीची एक खास अडचण आहे. आपलं क्रियापद लिंग सांगतं, माणूस सांगत नाही. 'दांडा फिरवून ती थांबली' यावरून ती बाई आहे हे कळतं, पण कोणती बाई ते कळत नाही. तीन पिढ्यांतल्या बायकांची गोष्ट असेल, तर 'ती' हा शब्द मोकळ्या जागेनंतर लगेच वापरणं धोक्याचं. तिथे नाव हवं किंवा नातं हवं.

दुरुस्त केलेला तुकडा असा झाला :

आजीचं तेरावं आटोपलं. आईने कॉटखालची पेटी ओढून बाहेर काढली. मशीनच्या चाकाला तिने हात लावला. ते हललं नाही. पेटीच्या झाकणावर कोरलेलं नाव मात्र अजून वाचता येत होतं. कमल.

०००

कमलची सुनंदा होऊन आठच दिवस झाले होते. साल १९७४. इंदूरच्या त्या दोन खोल्यांत तिच्या ओळखीची एकच वस्तू होती, वडिलांनी लग्नात दिलेलं मशीन. सुनंदाने दांडा फिरवला आणि चाक गर्रकन फिरलं. सासूबाई दारात उभ्या होत्या.

आता पाहा. 'कमल' हे नाव पहिल्या प्रसंगाच्या शेवटी आहे आणि दुसऱ्याच्या सुरुवातीलाही आहे. वाचक त्या नावावर पाय ठेवून पलीकडे जातो. चौथ्या प्रश्नाचं उत्तर तेच नाव देतं. पाठोपाठ साल आलं, गाव आलं, माणूस आला.

इथे आणखी एक खड्डा बुजला. आजीचं माहेरचं नाव कमल, सासरचं सुनंदा. आपल्याकडच्या जुन्या घरांतल्या गोष्टी लिहिताना हे पुन्हा पुन्हा येतं. एकीकडे कमल आणि दुसरीकडे सुनंदा लिहिलं, की वाचक त्या दोन वेगळ्या बाया समजतो. 'कमलची सुनंदा होऊन' या तीन शब्दांनी नावही जोडलं आणि लग्न झाल्याचंही सांगितलं.

फोनवर कोरी ओळ दिसतच नाही

आता माझ्या मोकळ्या जागेचं काय झालं ते. फोनवर वाचायच्या मजकुरात बहुतेक ठिकाणी प्रत्येकच परिच्छेदानंतर जागा सोडलेली असते. त्यामुळे प्रसंग बदलताना सोडलेली जागा आणि साधा परिच्छेद बदलताना सोडलेली जागा सारखीच दिसते. शिवाय तुम्ही तीन-चार वेळा एंटर दाबून जास्त जागा केलीत, तरी मजकूर दुसरीकडे चिकटवताना अनेकदा त्या जादा कोऱ्या ओळी गळून पडतात.

म्हणून फोनवर वाचली जाणारी गोष्ट असेल, तर कोऱ्या ओळीच्या भरवशावर राहू नका. तिथे दिसेल अशी खूण ठेवा. छापखान्यातही ही युक्ती जुनी आहे. कोरी ओळ नेमकी पानाच्या तळाशी आली तर वाचकाला ती दिसणार नाही, म्हणून तिथे तीन फुल्या किंवा तारे छापतात. फोनवर तर प्रत्येक स्क्रीन म्हणजे वेगळं पान, आणि ते कुठे संपेल हे आपल्या हातात नसतं.

खूण कोणती, याने फार फरक पडत नाही. मी तीन शून्यं वापरते. तारे वापरणार असाल तर जरा जपून. व्हॉट्सॲपवर ओळीच्या सुरुवातीला तारा आणि मोकळी जागा आली, की तो यादीतला ठिपका होतो. एक खूण निवडा आणि गोष्टभर तीच ठेवा. एका ठिकाणी तारे आणि दुसऱ्या ठिकाणी आडवी रेघ दिसली, तर त्या दोन्हींचा अर्थ वेगळा असेल असं वाचकाला वाटतं आणि तो उगाच शोधत बसतो. पाठवण्याआधी गोष्ट स्वतःलाच पाठवून आपल्या फोनवर एकदा उघडून पाहा.

आणि ही खूण उधळू नका. माझ्या पहिल्या खर्ड्यात पंधराशे शब्दांत अकरा वेळा जागा सोडलेली होती. आजी स्वयंपाकघरातून अंगणात गेली तरी मोकळी जागा! वाचताना कोणीतरी सारखा दिवा चालू-बंद करतंय असं वाटत होतं. शेवटी चार प्रसंग आणि तीन खुणा राहिल्या. माझा हिशेब आता साधा आहे. काळ बदलला, गाव किंवा घर बदललं, किंवा आपण दुसऱ्याच माणसाच्या नजरेने पाहू लागलो, तरच खूण. बाकी सगळ्यासाठी एक वाक्य पुरतं. 'चहा संपवून आजी अंगणात आली.' झालं काम.

सांधणारी ओळ

हे जे एक वाक्य, त्याला मी सांधणारी ओळ म्हणते. ती दोन प्रकारे काम करते. छोट्या अंतरासाठी ती एकटीच पुरते : 'दुपारी ऊन उतरल्यावर', 'दोन दिवसांनी पत्र आलं'. मोठ्या अंतरासाठी ती खुणेच्या पलीकडे उभी राहून वाचकाला आत घेते.

१९७४च्या प्रसंगाचा शेवट असा होता. सासूबाई म्हणतात, "आमच्याकडे सुना बाहेरचं शिवण घेत नाहीत." सुनंदा मशीनवर झाकण ठेवते. पुढचा प्रसंग १९९१चा. पहिल्या खर्ड्यात मी तो थेट 'गिरणी बंद पडली' असा सुरू केला होता. कोणाची गिरणी, मशीनचा तिच्याशी काय संबंध, काहीच पत्ता नाही. नंतर तो असा झाला :

०००

ते झाकण पुन्हा उघडलं सतरा वर्षांनी. १९९१ साली आजोबांची कापड गिरणी बंद पडली, तेव्हा आई दहावीत होती. तिची परीक्षेची फी भरायची होती.

इथे पूल झाकणाचा आहे. मघाशी बंद झालेली वस्तू आता उघडली. पण नुसत्या वस्तूवर विसंबू नका. 'झाकण उघडलं' एवढंच लिहिलं असतं, तर ते त्याच संध्याकाळी उघडलं असंही वाटलं असतं. वस्तू दोन प्रसंग जोडते, वेळ मात्र शब्दांनीच सांगावी लागते. घरगुती गोष्टीत वेळ सांगायचं सगळ्यात चांगलं कॅलेंडर म्हणजे मुलांचं वय. 'आई दहावीत होती' म्हटल्यावर वाचकाला वजाबाकी करावी लागत नाही.

वजाबाकी लेखकाने मात्र करायची. मी वहीत एक साधा तक्ता केला. डावीकडे सालं, वर माणसांची नावं. १९७४मध्ये आजी १९ वर्षांची. १९७६ला आईचा जन्म. १९९१मध्ये आजी ३६, आई १५. २०१९मध्ये आजी ६४, आई ४३. तक्ता केल्यावर लक्षात आलं, की एका ठिकाणी मी १९९१च्या प्रसंगात 'म्हातारी आजी' लिहिलं होतं. छत्तीस वर्षांची बाई म्हातारी कशी? माझ्या आठवणीतली आजी मी न पाहिलेल्या काळात घुसली होती.

त्याच तक्त्याने दुसरी चूक दाखवली. १९९१च्या प्रसंगात आजोबा ओट्यावर बसलेले आहेत. शेवटचा प्रसंग पुन्हा २०१९चा, आणि तिथे आजोबा नाहीत. ते २०११मध्ये गेले, हे मला माहीत होतं. वाचकाला कुठून माहीत असणार? मोकळी जागा वाचकाला गुपचूप सांगते, की मधल्या काळात तुझ्या उपयोगाचं काही घडलं नाही. जर घडलं असेल, तर ते त्या जागेत पुरून चालत नाही. शेवटच्या प्रसंगात मी एवढंच घातलं : 'आजोबांमागे आठ वर्षं आजी या घरात एकटीच राहिली.' मरणाचा वेगळा प्रसंग लिहावा लागला नाही. उडी मारण्याआधी खोलीत कोण कोण होतं ते मोजा, आणि पलीकडे गेल्यावर प्रत्येकाचा पत्ता लागतोय का ते पाहा.

नात्याच्या शब्दांचंही तसंच. १९९१मध्ये माझी आई तिच्या आईला 'आई' म्हणत होती. संवादात ते तसंच राहील. पण कथन मी करते आहे, म्हणून कथनात 'आई' म्हणजे कायम माझी आई आणि 'आजी' म्हणजे कायम तिची आई. हा नेम फक्त १९७४च्या प्रसंगात मोडला, कारण तिथे एकोणीस वर्षांच्या मुलीला आजी म्हणणं विचित्र वाटत होतं. म्हणून तिथे नाव वापरलं आणि झाकणावरच्या अक्षरांनी त्याची आधीच ओळख करून दिली.

खूण न करता मागे जायचं असेल तर

कधी कधी आठवण दोन-चार ओळींचीच असते. तिच्यासाठी खूण करणं म्हणजे पाहुणा पाच मिनिटांसाठी येणार म्हणून गादी घालण्यासारखं. तिथे मराठीतलं 'होतं' कामाला येतं.

आईने बॉबिन हातात घेतली. हीच बॉबिन लहानपणी तिने भोवरा म्हणून फिरवली होती. आजीने धपाटा घातला होता. मग आजीने तिला जवळ बसवलं, सुईत दोरा ओवायला शिकवलं. आता चष्मा लावूनही आईला ते भोक दिसेना.

पहिल्या दोन वाक्यांत 'फिरवली होती', 'घातला होता' असं आहे. एवढ्याने वाचक मागच्या काळात पोचतो. त्यानंतर साधा भूतकाळ आला तरी चालतं : 'बसवलं', 'शिकवलं'. प्रत्येक वाक्यामागे 'होतं' लावत बसलात, तर वाक्यं एका सुरात ठेचकाळायला लागतात. परत येताना मात्र स्पष्ट सांगायला हवं. 'आता' हा एक शब्द आणि चष्मा ही एक वस्तू, यांनी वाचक २०१९मध्ये परत आला. मागे जातानाची पायरी बहुतेक जण लिहितात, परतीची विसरतात. मग वाचक जुन्याच काळात राहतो आणि पुढच्या ओळीत मोबाईल वाजला, की दचकतो.

पण आठवण पाच-सहा वाक्यांपुढे गेली, तिच्यात माणसं बोलायला लागली, की तिला स्वतःचा प्रसंग द्या आणि खूण करा.

एका कोऱ्या जागेचं कौतुक

बीएला इंग्रजी साहित्य शिकताना एक गोष्ट कानावर आली होती, ती या गोष्टीवर काम करताना आठवली. फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेर यांची 'सेंटिमेंटल एज्युकेशन' ही कादंबरी १८६९ची. तिच्याबद्दल मार्सेल प्रूस्त यांनी १९२०मध्ये लिहिलं, की त्या पुस्तकातली सगळ्यात सुंदर गोष्ट एखादं वाक्य नसून एक कोरी जागा आहे.

ती जागा अशी. डिसेंबर १८५१, पॅरिसमध्ये सत्तापालटाचे दिवस. नायक फ्रेडरिकच्या डोळ्यांसमोर एक पोलीस त्याच्या मित्राला ठार करतो. पोलिसाने मान वळवल्यावर फ्रेडरिक त्याला ओळखतो. तोही एके काळचा ओळखीचाच. इथे प्रकरण संपतं. पुढचं प्रकरण उघडतं ते नायक प्रवासाला गेला एवढंच सांगणाऱ्या अगदी छोट्या वाक्याने. मग काही थोड्या ओळींत बोटी, तंबू, परतणं, आणखी प्रेमप्रकरणं, अशी वर्षं निघून जातात. आणि मार्च १८६७च्या अखेरीस, एका संध्याकाळी, त्याच्या खोलीत एक बाई येते. जिच्यावर त्याने आयुष्यभर प्रेम केलं, ती.

खुनाबद्दल फ्रेडरिकला काय वाटलं, हे फ्लोबेर सांगत नाहीत. ते सगळं त्या कोऱ्या जागेत आहे. पण पलीकडच्या काठावर त्यांनी काय ठेवलंय ते पाहा : महिना, साल, दिवसाची वेळ, खोली, आणि दारातून येणारं माणूस. भावना त्यांनी वाचकावर सोडली, पत्ता मात्र सोडला नाही.

मीही मग १९७४च्या प्रसंगाचा शेवट बदलला. आधी तिथे लिहिलं होतं, की सुनंदाला खूप वाईट वाटलं, तिचं स्वप्न मोडलं. ते दोन्ही काढलं. तिने झाकण ठेवलं, एवढंच राहिलं. पलीकडे सतरा वर्षांनी ते उघडतं, तेव्हा मधल्या जागेत काय होतं ते वाचकाला आपोआप कळतं.

पाठवण्याआधी एक चाचणी

गोष्ट लिहून झाली, की मी आता एक करते. प्रत्येक खुणेच्या आधीचं शेवटचं वाक्य आणि नंतरची दोन वाक्यं, एवढीच घरातल्या कुणाला तरी वाचून दाखवते. मग विचारते, "आता कोण आहे? कुठे आहे? किती वर्षं गेली?" समोरच्याने उत्तर देताना 'बहुतेक' म्हटलं, तर तो सांधा कच्चा. मी स्वतः वाचून उपयोग नसतो, कारण मला मधली वर्षं माहीतच असतात. कोरी जागा माझं डोकं आपोआप भरून काढतं.

दुरुस्त केलेली गोष्ट मी आईलाच पुन्हा पाठवली. या वेळी ती कुठे अडली नाही. वाचून झाल्यावर फोन खाली ठेवला आणि बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "दहावीची फी तेव्हा आईने कशी भरली, ते मला माहीतच नव्हतं असं तू लिहिलंयस. मला माहीत होतं गं. रात्री चाकाचा आवाज यायचा ना."

त्या रात्री माझ्या गोष्टीत नव्हत्या. त्या मी १९९१च्या पुढे सोडलेल्या जागेत राहिल्या होत्या. मी वही उघडली आणि तिसऱ्या खुणेच्या आधी एक वाक्य वाढवलं.